नाण्याची किंमत सोन्याहून जास्त का?

धनत्रयोदशीला किंवा गुरुपुष्यावर सराफाकडे जाऊन दहा ग्रॅमचं नाणं घेतलं की बिलावरचा आकडा सकाळच्या पेपरातल्या भावाशी जुळत नाही. दुकानदारानं फसवलं असं लगेच वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, पण जास्तीचे पैसे कुठे गेले हे माहीत असावं.

पेपरातला भाव हा धातूचा असतो. मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज जो दर जाहीर करते, त्यात घडणावळ नसते आणि जीएसटीही नसतो. नाणं पाडायचं तर सोनं आधी ९९९ शुद्धतेला न्यावं लागतं, मग त्याची पट्टी लाटून चकत्या कापायच्या, उरलेला चुरा पुन्हा वितळवायचा, चकत्यांवर ठसा मारायचा, वजन तपासायचं आणि प्रमाणपत्रासह सीलबंद पाकिटात घालायचं. दुकानात ते विकलं जाईपर्यंत सराफाचं भांडवल अडकून राहतं, भाव उतरला तर तोटाही त्याचाच. हा सगळा खर्च आणि त्याचा नफा धातूच्या भावावर चढतो. मग या एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी.

गंमत अशी की यातला बराचसा खर्च नाण्यामागे असतो, ग्रॅममागे नाही. एक ग्रॅमच्या नाण्यालाही ठसा एकदाच बसतो आणि पाकीटही एकच लागतं. म्हणून एक-एक ग्रॅमची दहा नाणी दहा ग्रॅमच्या एका नाण्यापेक्षा महाग पडतात. चांदीत तर हे फारच जाणवतं. समजा चांदी शंभर रुपये ग्रॅम आहे. दहा ग्रॅमच्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यात चांदी हजाराची. त्यावर घडणावळ तीनशे रुपये आणि जीएसटी धरला की बिल १,३३९ रुपयांचं होतं, म्हणजे जवळजवळ ३४ टक्के जास्त. पूजेसाठी खुशाल घ्यावं, पण चांदीत पैसे गुंतवल्याचं समाधान त्यात मानू नये.

आता दोन दुकानांची तुलना करू. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्या दिवशीचा २४ कॅरेटचा दर १०,००० रुपये ग्रॅम धरू. पहिला सराफ हाच दर लावतो आणि वर २ टक्के घडणावळ घेतो. दहा ग्रॅमचे एक लाख, घडणावळ २,०००, त्यावर जीएसटी ३,०६०. बिल १,०५,०६० रुपये. दुसऱ्याच्या दारावर ‘घडणावळ शून्य’ अशी पाटी आहे. मात्र त्याचा दर आहे १०,२५० रुपये. १,०२,५०० अधिक जीएसटी ३,०७५, बिल १,०५,५७५ रुपये. शून्यवालाच पाचशेनं महाग. म्हणून घडणावळ किती, हे विचारण्यात अर्थ नाही. ‘सगळं धरून हातात किती पडेल?’ असं विचारायचं, त्या रकमेला नाण्यातल्या शुद्ध सोन्याच्या ग्रॅमनी भागायचं आणि त्याच दिवसाच्या, त्याच वेळच्या दराशी ताडून पाहायचं. सकाळचा एक भाव आणि संध्याकाळचा दुसरा घेतलात तर तुलना फुकट गेली.

शुद्ध सोन्याचं वजन हा मुद्दा परदेशी नाण्यांत घोळ घालतो. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड २२ कॅरेटचं असतं. त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं, पण शुद्ध सोनं ३१.१० ग्रॅमच. भागायचं ते या दुसऱ्या आकड्यानं.

पण एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही, कारण नाणं कधीतरी मोडायचं असतं. समजा, पहिला सराफ परत घेताना २ टक्के घट धरतो आणि दुसरा आपलं नाणं पूर्ण दरानं घेतो. दर तोच राहिला तर पहिल्याकडे ९८,००० रुपये मिळतील, दुसऱ्याकडे एक लाख. जाऊन-येऊन पहिल्या नाण्यावर ७,०६० रुपये गेले आणि दुसऱ्यावर ५,५७५. महाग वाटलेलं नाणं स्वस्त ठरलं! भरलेला जीएसटी मात्र दोन्हीकडे गेला तो गेलाच.

बँकेतून नाणं घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. बँक नाणं विकते, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते परत विकत घेऊ शकत नाही. मोडायला शेवटी सराफाकडेच जावं लागतं, आणि दुसऱ्याच्या शिक्क्याचं नाणं, त्यातही पाकीट फोडलेलं, तो तपासून आणि बऱ्याचदा घट लावूनच घेतो.

राणीछाप रुपयासारख्या जुन्या नाण्यांना हा हिशेब लागू पडत नाही. तिथे चांदीपेक्षा हौसेची किंमत जास्त, आणि नकली माल भरपूर.

बाकी नाण्यांसाठी, पैसे देण्याआधी मोडीचा दर विचारा आणि तो बिलावर लिहून मागा. जो सराफ लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडचं नाणं कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.