छापील किमतीच्या पोटातला कर

पाकिटावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेलाच असतो. दुकानदाराने तो वर लावायचा नसतो, आतून वेगळा काढायचा असतो. समजा, वस्तू २३६ रुपयांची आणि कराचा दर १८ टक्के. अनेक जण २३६ चेच १८ टक्के काढतात आणि ४२.४८ रुपये कर लिहितात. हे चूक आहे, कारण कर मूळ किमतीवर बसतो, छापील किमतीवर नाही. मूळ किंमत १०० धरली तर छापील ११८ होते. म्हणून २३६ ला ११८ ने भागून १०० ने गुणायचे: मूळ किंमत २००, कर ३६, त्यात केंद्राचे १८, राज्याचे १८. सूट द्यायची असेल तर ती आधी वजा करावी, मग भागाकार.

खरी कटकट पैशांची. ९९ रुपयांच्या, ५ टक्के कराच्या वस्तूची मूळ किंमत ९४.२९ येते. तिच्यावर अडीच-अडीच टक्क्यांचे दोन कर प्रत्येकी २.३६. बेरीज ९९.०१, म्हणजे एमआरपीपेक्षा एक पैसा जास्त! अशा वेळी दोन्ही कर आधी ठरवावेत आणि ९९ मधून वजा करून मूळ किंमत ९४.२८ लिहावी.