कोणत्या फांदीने दगा दिला?

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं पहिल्यांदा टक्केवारी शोधतात. अमुक ठिकाणी सत्तर टक्के, तमुक ठिकाणी नव्वद. डॉक्टर मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहतात: ब्लॉकेज कोणत्या धमनीत आहे आणि त्या धमनीच्या वाटेवर नेमकं कुठे आहे. हृदयाच्या स्नायूचा प्रत्येक भाग ठरावीक फांदीवर जगतो. फांदी कळली की कोणता भाग उपाशी आहे आणि पुढे कोणता धोका आहे, याचा अंदाज येतो.

हृदयाच्या कप्प्यांतून सतत रक्त वाहत असलं तरी त्याच्या जाड स्नायूला त्या रक्ताचा जवळजवळ उपयोग होत नाही. त्याचा पुरवठा बाहेरून होतो. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर, दोन धमन्या फुटतात, एक डावी आणि एक उजवी. त्यांची जाडी साधारण तीन-चार मिलिमीटर असते. त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि जाता जाता आत स्नायूत फांद्या सोडतात.

डावी धमनी सेंटीमीटरभर पुढे गेली की तिला दोन मोठे फाटे फुटतात. पहिला फाटा दोन खालच्या कप्प्यांमधल्या खोबणीतून समोरच्या बाजूने टोकाकडे उतरतो. रिपोर्टमध्ये त्याला एलएडी म्हणतात. डाव्या खालच्या कप्प्याची समोरची भिंत, हृदयाचं टोक आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा पुढचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्याच्यावर अवलंबून असतो. शरीराला रक्त पुरवण्याचं मुख्य काम याच कप्प्याचं असल्यामुळे एलएडी सुरुवातीलाच बंद पडली तर हृदयाची पंप करण्याची ताकद एकदम खालावते. दुसरा फाटा सर्कमफ्लेक्स. तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खोबणीतून डावीकडे वळून मागे जातो आणि डाव्या कप्प्याच्या बाजूच्या व मागच्या भिंतीला रक्त देतो.

उजवी धमनी, म्हणजे आरसीए, उजव्या बाजूच्या खोबणीतून हृदयाला वळसा घालत मागे जाते. वाटेत ती उजव्या खालच्या कप्प्याला फांद्या देते. मागे पोचल्यावर बहुतेकांमध्ये तिची एक फांदी पडद्याच्या मागच्या कडेने खाली उतरते आणि डाव्या कप्प्याच्या खालच्या, म्हणजे पोटाच्या पडद्यावर टेकलेल्या, भिंतीला रक्त पुरवते. हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठीला सुमारे साठ टक्के लोकांमध्ये याच धमनीतून रक्त मिळतं. वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश नेणारी दुसरी गाठ तर बहुसंख्य लोकांमध्ये हिच्यावरच असते.

हा नकाशा रुग्णाच्या खाटेशी कसा कामाला येतो, ते एका उदाहरणात पाहू. समजा, 58 वर्षांच्या एका गृहस्थांना पहाटे बेंबीच्या वर, छातीच्या खाली दुखू लागलं. दोनदा उलटी झाली आणि दरदरून घाम फुटला. घरच्यांना वाटलं, रात्रीच्या जेवणाची ॲसिडिटी असेल. दवाखान्यात पोचले तेव्हा नाडी मिनिटाला 42 होती आणि रक्तदाब 100 वर 60.

हृदयाची खालची भिंत पोटाच्या पडद्याला लागून असल्यामुळे तिथल्या झटक्यात अशी पोटाची लक्षणं पुष्कळदा दिसतात. त्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या उत्तेजनाने मळमळ होते आणि ठोकेही मंदावतात. त्यात गाठींचा रक्तपुरवठा तुटला, तर नाडी आणखी उतरते.

ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफ यांमधली एसटी रेषा वर उचललेली होती. या तीन लीड हृदयाकडे खालून पाहतात, म्हणजे झटका खालच्या भिंतीचा. लीड तीनमधला उंचावा लीड दोनपेक्षा जास्त होता. त्यामुळे संशयाचा रोख सर्कमफ्लेक्सपेक्षा आरसीएकडे वळला.

तेवढ्यात कोणीतरी नेहमीच्या सवयीने जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी द्यायला निघालं. डॉक्टरांनी हात आडवा धरला आणि इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला लावून आणखी एक ईसीजी काढला. तिथेही एसटी उचललेली होती. मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या आणि फुप्फुसात पाण्याचा आवाज मात्र नव्हता. याचा अर्थ, आरसीए सुरुवातीलाच, उजव्या कप्प्याची फांदी फुटण्याआधी बंद पडली होती आणि खालच्या भिंतीबरोबर उजवा कप्पाही लुळा पडला होता.

उजवा कप्पा दुबळा झाला की फुप्फुसांतून डाव्या बाजूला जाणारं रक्त बहुतांशी शिरांतून येणाऱ्या दाबावर ढकललं जातं. सॉर्बिट्रेटने शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि आधीच कमी असलेला रक्तदाब झटकन कोसळतो. एलएडीच्या झटक्यात रक्तदाब चांगला असेल तर दिली जाणारी ही गोळी इथे घातक ठरू शकते. या रुग्णाला त्याऐवजी शिरेतून बेताने सलाईन दिलं, नाडीसाठी ॲट्रोपिन दिलं आणि तातडीने अँजिओग्राफी केली. गुठळी आरसीएच्या पहिल्या वळणाशीच सापडली. स्टेंट बसल्यावर नाडी आणि रक्तदाब दोन्ही सावरले. हीच गुठळी उजव्या कप्प्याची फांदी ओलांडून पुढे असती, तर खालच्या भिंतीचा झटका तसाच आला असता, पण उजवा कप्पा वाचला असता. धमनी तीच, जागा बदलली की आजारही वेगळा.

मंद नाडीचा अर्थही धमनीगणिक बदलतो. आरसीएच्या झटक्यात गाठीचं काम विस्कळीत झालं तरी बहुधा काही दिवसांत ते पूर्ववत होतं. एलएडीच्या झटक्यात मात्र विजेचा संदेश अडला, तर पडद्याचा मोठा भाग निकामी झाल्याची ती खूण असते आणि कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता वाढते.

हा नकाशा सगळ्यांमध्ये हुबेहूब सारखा नसतो. हृदयाच्या मागून उतरणारी फांदी सुमारे ऐंशी टक्के लोकांमध्ये उजव्या धमनीतून निघते. काहींमध्ये ती सर्कमफ्लेक्समधून येते, तर काहींमध्ये दोन्ही धमन्या तिथे वाटा उचलतात. रिपोर्टमध्ये ‘राइट डॉमिनंट’ किंवा ‘लेफ्ट डॉमिनंट’ लिहिलेलं असतं ते यासाठीच. लेफ्ट डॉमिनंट हृदयात डाव्या धमनीवर जवळजवळ संपूर्ण डाव्या कप्प्याचा भार असतो, त्यामुळे तिच्या मुळाशी असलेलं ब्लॉकेज अधिकच धोक्याचं ठरतं.

ईसीजीलाही मर्यादा आहे. सर्कमफ्लेक्स ज्या मागच्या भिंतीला रक्त देते, तिथे नेहमीच्या बारा लीडची नजर नीट पोचत नाही. धमनी पूर्ण बंद असूनही पहिला ईसीजी जवळपास नॉर्मल येऊ शकतो. म्हणून घाम आणि दुखणं थांबत नसेल, तर डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात, पाठीवर इलेक्ट्रोड लावून पाहतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. अशा वेळी पहिला कागद चांगला आला म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये. आणि पोटात दुखून घाम फुटला असेल, नाडी मंद लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर रक्तदाब न पाहता घरातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नये. आधी ईसीजी काढून घ्यावा.