एका वजनाच्या दोन आकृत्या

गॅरेजच्या दोन भिंतींवर टेकवलेला सहा मीटर लांबीचा लोखंडी गर्डर डोळ्यांसमोर आणा. डाव्या भिंतीपासून दोन मीटरवर त्याला चेनपुली लटकवली आहे आणि तिला ट्रकचं इंजिन. पुलीसकट एकूण वजन बाराशे किलो धरू. गर्डर नेमका कुठे आणि कसा थकतो, हे इंजिनिअर दोन आकृत्या काढून ठरवतो. एक शिअर फोर्सची, म्हणजे गर्डर आडवा चिरू पाहणाऱ्या बलाची. दुसरी बेंडिंग मोमेंटची, म्हणजे त्याला वाकवणाऱ्या परिणामाची. डिप्लोमाचे विद्यार्थी त्यांना एसएफडी आणि बीएमडी म्हणतात. अनेक जण आकृत्यांचे आकार पाठ करतात आणि तिथेच फसतात. खरं तर त्या आकारांतली प्रत्येक रेघ स्वतः शोधून काढता येते.

हिशेब किलोन्यूटनमध्ये करू. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं वजन, म्हणून आपला भार 12 किलोन्यूटन. गर्डरचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवू.

पहिला प्रश्न असा की, कोणती भिंत किती भार उचलते? बांबूला हंडा अडकवून दोघं तो नेत असले, तर हंडा ज्याच्या जवळ त्याच्या खांद्यावर जास्त ओझं येतं. इथेही तसंच. उजव्या टोकाभोवती वळवणाऱ्या बलांचा तोल पाहू. डाव्या भिंतीची वर ढकलणारी प्रतिक्रिया तिथून सहा मीटरवर आहे आणि भार चार मीटरवर. म्हणून डावी प्रतिक्रिया 12 गुणिले 4 भागिले 6, म्हणजे 8 किलोन्यूटन. उरलेले 4 उजव्या भिंतीकडे. जवळच्या भिंतीवर जास्त भार आला, म्हणजे गणित बरोबर दिशेने चाललं आहे. परीक्षेत हे दोन आकडे उलटे लिहिणारे खूप असतात, आणि मग पुढची दोन्ही चित्रं चुकतात.

आता मुख्य युक्ती. डाव्या टोकापासून एक मीटरवर गर्डर मनातल्या मनात कापा आणि फक्त डावा तुकडा हातात घ्या. त्याच्यावर बाहेरून एकच बल आहे, भिंतीचं वर ढकलणारं 8. तरीही तुकडा जागचा हलत नाही. याचा अर्थ कापलेल्या तोंडावर उरलेला गर्डर त्याला 8 ने खाली दाबतो आहे. हाच तिथला शिअर फोर्स. पण एवढ्याने भागत नाही. एक मीटर अंतरावरची ही वर-खाली जोडी तुकड्याला गरगर फिरवील. तो फिरत नाही, कारण कापलेल्या तोंडाचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि ही दाब-ताणाची जोडी उलट दिशेने वळवते. तिचं माप 8 गुणिले 1, म्हणजे 8 किलोन्यूटन-मीटर. हा तिथला बेंडिंग मोमेंट.

कापण्याची जागा उजवीकडे सरकवत न्या, की दोन्ही आकृत्या आपोआप उमटतात. इंजिनच्या जागेपर्यंत डाव्या तुकड्यावर नवं बल येतच नाही, म्हणून शिअर 8 वर सपाट राहतो. इंजिन ओलांडताक्षणी 12 खाली ओढतात आणि शिअर एकदम उणे 4 होतो. तिथून शेवटपर्यंत तो तसाच सपाट राहतो आणि उजवी भिंत 4 ने वर ढकलते तेव्हा शून्यावर येतो. अशी ही दोन आयतांची आकृती झाली, एक आधाररेषेच्या वर, दुसरा खाली.

मोमेंट डाव्या टोकाला शून्य, कारण भिंतीवर नुसतं टेकलेलं टोक मोकळेपणाने किंचित फिरू शकतं, भिंत त्याला अडवत नाही. पुढे दर मीटरला तो 8 ने चढतो आणि इंजिनखाली 16 होतो. त्यापुढे दर मीटरला 4 ने उतरत उजव्या टोकाला पुन्हा शून्य. आकृती म्हणजे इंजिनखाली शिखर असलेला त्रिकोण. चार मीटरवर पडताळून पाहा. डावीकडून 8 गुणिले 4 वजा 12 गुणिले 2, उत्तर 8. उजवीकडून 4 गुणिले 2, उत्तर 8. दोन्ही बाजूंनी उत्तर जुळलं नाही तर पुढे जाऊ नये.

या दोन चित्रांमधलं नातं मला फार सुंदर वाटतं. शिअरचा आकडा म्हणजेच मोमेंटच्या रेषेचा चढ. म्हणून डाव्या आयताचं क्षेत्रफळ 8 गुणिले 2, उजव्याचं 4 गुणिले 4, दोन्ही 16. आणि शिअर जिथे अधिकाचा उणे होतो, तिथेच मोमेंटचं शिखर. कागदावरची चूकही इथेच पकडता येते. शिअरची आकृती सपाट आणि मोमेंटची मात्र वक्र काढली असेल, तर काहीतरी बिनसलं आहे. वक्र येतो तो पसरलेल्या वजनामुळे. भाराखाली मोमेंटमध्ये पायरी दाखवली असेल तर तेही चूक. उडी शिअर मारतो, मोमेंट फक्त वळण घेतो.

अर्थात खरा भार कधी एका बिंदूवर नसतो. पुलीचा पट्टा गर्डरवर काही सेंटिमीटर टेकतो, त्यामुळे उभी उडी प्रत्यक्षात तीव्र उतरण असते आणि शिखर जरासं गोलावतं. सहा मीटरच्या मानाने हा फरक किरकोळ. गर्डरचं वजन मीटरला 25 किलो धरलं तर त्याच्यामुळे मधोमध सव्वा किलोन्यूटन-मीटरहूनही कमी मोमेंट वाढतो. पण गर्डरची टोकं भिंतीत घट्ट चिणली असतील, तर मात्र चित्रच बदलतं. टोकांना मोमेंट शून्य राहत नाही.

पुली ट्रॉलीवर बसवून सरकवता येत असेल तर? भाराखालचा मोमेंट म्हणजे भार गुणिले दोन्ही आधारांपासूनच्या अंतरांचा गुणाकार, भागिले लांबी. 2 आणि 4 चा गुणाकार 8, तर 3 आणि 3 चा 9. म्हणून इंजिन मधोमध आणलं की मोमेंट 18 होतो, सर्वांत मोठा. तुळई मोडण्यात या दोन अंतरांच्या गुणाकाराचं महत्त्व गॅलिलिओने 1638 च्या त्याच्या ग्रंथात दाखवलं होतं, तुळईच्या आत ताण कसा वाटला जातो याबद्दल त्याचं गणित चुकलेलं असतानाही. शिअरचं नेमकं उलट. ट्रॉली भिंतीला चिकटली की जवळजवळ सगळे 12 त्या एका टोकावर येतात. त्यामुळे सरकत्या भारासाठी एक आकृती पुरत नाही. वाकण्यासाठी भार मध्यावर ठेवून तपासायचं आणि शिअरसाठी आधाराजवळ.

काँक्रीटच्या बीममध्ये या आकृत्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. तिथे स्लॅबचं वजन पसरलेलं असतं, म्हणून शिअर आधाराजवळ सर्वांत जास्त आणि मध्याकडे शून्याकडे उतरत जाणारा. साइटवर कॉलमजवळच्या रिंगा जवळजवळ बांधतात आणि मधल्या थोड्या लांब, ते यासाठी. टेकवलेल्या बीमच्या मध्याजवळ खालून वर उभी भेग गेलेली दिसली, तर ती वाकण्याची. आधाराजवळ तिरकी, भाराच्या दिशेने वर चढणारी भेग असेल, तर ती शिअरची, आणि तिच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं. वाकून मोडणारा बीम, त्यातलं लोखंड बेताचं असेल तर, मोडण्याआधी चांगला झुकून इशारा देतो. शिअरने जाणारा बीम अनेकदा तेवढी सवड देत नाही.