पिन टाकण्याआधी तीन ओळी

जिममध्ये चौकशी करून घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : ‘वार्षिक मेंबरशिप १४,४०० ऐवजी फक्त ९,६००! ऑफर आज रात्रीपर्यंत.’ खाली पेमेंटची लिंक आणि त्याखाली बारीक अक्षरांतल्या अटी. त्यातल्या तीन ओळी पैसे भरण्याआधी सावकाश वाचाव्यात.

पहिली ओळ रिफंडची. समजा, चार महिन्यांनी तुमची बदली झाली. ९,६०० म्हणजे महिना ८००, तेव्हा उरलेल्या आठ महिन्यांचे ६,४०० परत मिळतील, असा आपला सरळ हिशेब. पण अटीत लिहिलेलं असतं, ‘वापरलेल्या महिन्यांना मासिक दर लागू’. हा मासिक दर १,८०० असेल, तर चार महिन्यांचे ७,२०० कापले जातात. वर हजार रुपये प्रोसेसिंग फी. हातात येतात १,४००. म्हणून रिफंड मिळेल का, एवढंच विचारून थांबू नका. कोणत्या दराने मिळेल, तेही विचारा.

दुसरी ओळ ऑटो-रिन्यूअलची. यूपीआयच्या पडद्यावर साधं पेमेंट आहे की ऑटोपे, हे पिन टाकण्याआधी बघा. ऑटोपे असेल तर कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि शेवटची तारीख तिथे दिसते. भरताय ९,६०० आणि कमाल रक्कम १४,४०० दिसतेय, तर पुढच्या वर्षी सवलत नाही, असं समजा. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता नंतर पिन न विचारताही कापला जाऊ शकतो.

तिसरी ओळ रद्द करण्याची. ‘३० दिवस आधी ईमेलने कळवावे’ अशी अट असेल आणि नूतनीकरण ५ जूनला असेल, तर ६ मे ही तुमची शेवटची तारीख. पैसे कापण्याची पूर्वसूचना किमान २४ तास आधी यावी लागते. पण ती येईपर्यंत जिमची मुदत कधीच उलटून गेलेली असते. ऑटोपे ॲपमधून बंद करता येतो, मात्र त्याने फक्त पैसे जाणं थांबतं. मेंबरशिप रद्द केल्याचं ईमेलने वेगळं कळवा. ट्रेनरला तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही.

क्लासच्या फीचंही तेच. वर्षाची फी भरून विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘फी परत मिळणार नाही’ असं छापल्याने विषय संपत नाही. एकतर्फी, जाचक करारांविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दाद मागता येते. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा.