वायव्य कोपरा पद्धत

'''वायव्य कोपरा पद्धत''' ही वाहतूक समस्येची पहिली शक्य उकल मिळवण्याची एक रीत आहे. अनेक ठिकाणी साठवलेला एकाच प्रकारचा माल अनेक ठिकाणच्या मागणीनुसार कमीत कमी खर्चात कसा पोहोचवावा, या प्रश्नाला वाहतूक समस्या म्हणतात. रेषीय प्रायोजनाचा (लिनिअर प्रोग्रॅमिंगचा) हा एक विशेष प्रकार होय. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये ही समस्या मांडली आणि जॉर्ज डँट्झिग यांनी १९५१ मध्ये ती सिंप्लेक्स पद्धतीने सोडवून दाखवली. नकाशात उत्तर दिशा वर धरली, की डावीकडचा वरचा कोपरा वायव्येस येतो. कोष्टकाच्या याच कोपऱ्यापासून वाटपाला आरंभ होतो, म्हणून पद्धतीला हे नाव पडले.

या पद्धतीत वाहतुकीच्या दराकडे पाहिलेच जात नाही. त्यामुळे तिने मिळणारी उकल पुरवठा आणि मागणी यांचा मेळ घालते, पण ती सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. ते ठरवण्यासाठी इष्टतमतेची चाचणी घ्यावी लागते.

== उदाहरण ==

अ, ब, क या तीन गोदामांतून प, फ, म या तीन बाजारपेठांना धान्याची पोती पाठवायची आहेत. दर पोत्यामागील वाहतूक खर्च (रुपयांत), पुरवठा आणि मागणी खालीलप्रमाणे आहेत.

| गोदाम | प | फ | म | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| अ | ५ | ८ | ६ | २० |
| ब | ९ | ६ | १० | ३० |
| क | ५ | ७ | ९ | ३० |
| मागणी | १५ | ४० | २५ | ८० |

एकूण पुरवठा आणि एकूण मागणी दोन्ही ८० आहेत, म्हणजे समस्या संतुलित आहे. त्या सारख्या नसत्या, तर शून्य दराची एक काल्पनिक ओळ किंवा स्तंभ जोडून आधी संतुलन साधावे लागले असते.

== पहिली उकल ==

वायव्य कोपऱ्यातील अ-प या घरात पुरवठा २० आणि मागणी १५ यांतील लहान संख्या, म्हणजे १५, लिहावी. प ची मागणी संपली, म्हणून उजवीकडे सरकावे. अ कडे उरलेली ५ पोती फ ला द्यावीत. आता अ रिकामे झाले, म्हणून खाली उतरून ब ची सर्व ३० पोती फ ला द्यावीत. फ ला अजून ५ हवीत, ती क मधून मिळतील आणि क ची उरलेली २५ म ला जातील.

| गोदाम | प | फ | म |
|---|---|---|---|
| अ | १५ | ५ | – |
| ब | – | ३० | – |
| क | – | ५ | २५ |

खर्च = (१५×५) + (५×८) + (३०×६) + (५×७) + (२५×९) = ५५५ रुपये.

भरलेली घरे पाच आहेत. ओळी आणि स्तंभ यांच्या बेरजेतून एक वजा केल्यावरही पाचच येतात (३ + ३ − १). चाचणीसाठी ही संख्या जुळणे आवश्यक असते. वाटप करताना एखाद्या घरात पुरवठा आणि मागणी एकाच वेळी संपली, तर एक घर कमी भरते. अशा वेळी लगतच्या घरात शून्य लिहून ते भरलेले समजावे.

== इष्टतमतेची चाचणी ==

येथे यू-व्ही पद्धत वापरली आहे. प्रत्येक ओळीला व प्रत्येक स्तंभाला एकेक अंक असा द्यावा, की भरलेल्या प्रत्येक घरात ओळीचा अंक आणि स्तंभाचा अंक यांची बेरीज त्या घराच्या दराइतकी येईल. आरंभासाठी अ ओळीचा अंक शून्य मानावा. मग अ-प वरून प चा अंक ५ आणि अ-फ वरून फ चा ८ मिळतो. ब-फ वरून ब चा −२, क-फ वरून क चा −१ आणि शेवटी क-म वरून म चा १० येतो.

आता प्रत्येक रिकाम्या घराच्या दरातून दोन्ही अंकांची बेरीज वजा करावी. त्या घरात एक पोते पाठवल्यास एकूण खर्चात होणारा बदल या वजाबाकीतून कळतो.

* अ-म: ६ − १० = −४
* ब-प: ९ − ३ = ६
* ब-म: १० − ८ = २
* क-प: ५ − ४ = १

अ-म मध्ये ऋण संख्या आली आहे. तेथे पाठवलेल्या प्रत्येक पोत्यामागे ४ रुपये वाचतील, म्हणजे उकल इष्टतम नाही.

== पहिली सुधारणा ==

अ-म पासून निघून, भरलेल्या घरांवर वळत पुन्हा तेथेच येणारा बंद मार्ग आखावा व त्याच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने अधिक आणि वजा चिन्हे द्यावीत: अ-म (+), अ-फ (−), क-फ (+), क-म (−). वजा घरांत ५ आणि २५ पोती आहेत. त्यांतील लहान संख्या ५ हीच हलवावी. अधिक चिन्हाची घरे येथे विचारात घ्यायची नसतात. मोठी संख्या हलवली, तर एखाद्या घरात ऋण पोती येतात आणि चूक लगेच उघड होते.

नवे वाटप अ-प १५, अ-म ५, ब-फ ३०, क-फ १०, क-म २० असे होते. खर्च ५ × ४ = २० रुपयांनी उतरून ५३५ होतो.

== दुसरी चाचणी ==

पहिल्या चाचणीत ऋण घर एकच होते. ते भरल्यावर काम संपले असे समजून अनेक विद्यार्थी येथेच थांबतात. परंतु वाटप बदलले, की अंकही बदलतात. नव्या वाटपानुसार अ, ब, क यांचे अंक ०, २, ३ आणि प, फ, म यांचे ५, ४, ६ येतात. रिकाम्या घरांतील फरक असे:

* अ-फ: ८ − ४ = ४
* ब-प: ९ − ७ = २
* ब-म: १० − ८ = २
* क-प: ५ − ८ = −३

आधी १ हा धन फरक दाखवणारे क-प हे घर आता ऋण झाले आहे. त्याचा बंद मार्ग क-प (+), अ-प (−), अ-म (+), क-म (−) असा आहे. वजा घरांतील १५ आणि २० यांपैकी १५ पोती हलवावीत. त्यामुळे १५ × ३ = ४५ रुपये वाचून खर्च ४९० होतो.

| गोदाम | प | फ | म |
|---|---|---|---|
| अ | – | – | २० |
| ब | – | ३० | – |
| क | १५ | १० | ५ |

तिसऱ्या चाचणीत ओळींचे अंक ०, २, ३ आणि स्तंभांचे २, ४, ६ येतात. अ-प, अ-फ, ब-प व ब-म या रिकाम्या घरांतील फरक अनुक्रमे ३, ४, ५ आणि २ आहेत. एकही ऋण नाही, म्हणून ही उकल इष्टतम आहे. एकही शून्य नाही, म्हणून ती एकमेव आहे. एखादा फरक शून्य आला असता, तर तेवढ्याच खर्चाची दुसरी उकलही संभवली असती.

== पडताळा ==

इष्टतम उत्तर तपासण्याची आणखी एक सोय आहे. ओळींचे अंक पुरवठ्याने व स्तंभांचे अंक मागणीने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज करावी:

(०×२०) + (२×३०) + (३×३०) + (२×१५) + (४×४०) + (६×२५) = ४९०

ही बेरीज खर्चाइतकीच आली, म्हणजे वाटप व अंक परस्परांशी जुळतात. मात्र ५५५ आणि ५३५ रुपयांच्या वाटपांतही ती त्या त्या खर्चाइतकीच येते. त्यामुळे हा पडताळा केवळ आकडेमोडीतील चूक पकडतो. उकल इष्टतम आहे की नाही, हे रिकाम्या घरांतील फरकांवरूनच ठरते.