पालकाच्या चकत्यांतून शिका प्रकाशसंश्लेषण: आठवड्याचा आराखडा

पान प्रकाशात ऑक्सिजन सोडतं, हे सातवीच्या वर्गाला पालक, खायचा सोडा, स्ट्रॉ आणि बिनसुईच्या सिरिंजने दाखवता येतं.

सोमवार: पानाला काय काय लागतं, याचे अंदाज मुलांनी वहीत लिहायचे.

मंगळवार: चकत्या बुडवण्याचा सराव. 300 मिली पाण्यात चिमूटभर सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घाला. स्ट्रॉने कापलेल्या चकत्या या पाण्यासह सिरिंजमध्ये घ्या. तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढा, मग सोडा. पानातली हवा निघून तिथे पाणी शिरतं आणि चकत्या बुडतात.

बुधवार: दोन ग्लास उन्हात ठेवा. एकात सोड्याचं पाणी, दुसऱ्यात बिनसोड्याचं; लिक्विडचा थेंब दोन्हींत. प्रत्येकात 10 बुडालेल्या चकत्या. दर मिनिटाला तरंगणाऱ्या चकत्या मोजा. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, पानात ऑक्सिजन साठतो आणि चकती वर येते.

गुरुवार: सोड्याच्या पाण्याचे दोन ग्लास, एक उन्हात, एक खोक्याखाली.

शुक्रवार: आलेख काढा आणि सोमवारचे अंदाज तपासा.

बिनसोड्याच्या पाण्यातल्या चकत्याही भराभर वर आल्या, तर बहुधा लिक्विड जास्त झालंय आणि फेसाचे बुडबुडे त्यांना उचलताहेत. थेंब कमी करून प्रयोग पुन्हा करा.