भातलावणीच्या दिवसांत मांड्या सोलवटतात, तेव्हा



आषाढ लागला की अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या पट्ट्यात भातलावणीची घाई सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून काम आणि वरून पावसाची झड. अशा वेळी तीन-चार दिवसांत मांड्यांच्या आतल्या बाजूला आग होऊ लागते, कातडी लाल होते आणि पुढे सोलून निघते. लाजेपायी कोणी बोलत नाही. माणूस पाय फाकून चालतो आणि लावणी मात्र मागे पडते.

हे होते कशामुळे? ओली कातडी मऊ पडते आणि लवकर घासली जाते. त्यात ओल्या कापडाची शिवण दर पावलाला त्याच जागी कानशीसारखी फिरते. घामातले मीठ सुकले की तेही बोचते. म्हणजे ओल आणि घासणे या दोन गोष्टी आहेत. यांतली एक जरी तोडली तरी दुखणे थांबते.

पावडर कधी, मलम कधी?

मागे एका बांधावर एका भाऊंनी सांगितले, “साहेब, डबा संपवला पावडरीचा, पण आग वाढतीच आहे.” त्यांचे चुकले कुठे ते पाहा. पावडर ओल शोषते, पण थोडीच. कोरड्या जागी घामाचे काम असेल, उदाहरणार्थ बैलगाडी हाकणे किंवा बाजाराला चालत जाणे, तर कोरड्या व धड कातडीवर पातळ थर चांगला. चिखलात मात्र तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या कातडी घासतात. सोललेल्या जागी तर पावडर मुळीच टाकू नये. ती जखमेला चिकटून बसते. घरातले पीठही लावू नये.

ओल्या कामाला व्हॅसलीनच बरे. सकाळी अंग नीट कोरडे करून प्रत्येक मांडीला आतून हरभऱ्याएवढे व्हॅसलीन चोळावे. त्यामुळे कातडी कातडीवरून सरकते आणि पाणी आत मुरत नाही. दुपारी भाकरी खाताना ती जागा पुसून पुन्हा लावावे. व्हॅसलीन व पावडर एकावर एक लावू नये, त्याचा लगदा होतो.

कपडे कोणते?

आतून गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत येणारी, अंगाबरोबर बसणारी होजिअरीची चड्डी घालावी. दोन्ही मांड्यांमध्ये कापड राहिले म्हणजे कातडी कातडीला घासत नाही. साडीखाली परकर नेसणाऱ्या बहिणींनीही अशीच चड्डी घालावी. जाड शिवणीची पॅन्ट आणि ओला नायलॉन टाळावा. एक कोरडी चड्डी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर ठेवा व दुपारी बदला. कपड्यातला साबण पुरता खळबळून काढा, राहिलेला साबणही आग करतो. युरिया धोतराच्या ओटीत घेऊन फेकू नका. तो विरघळून मांडीवर उतरतो व सोललेल्या जागी झोंबतो.

सोललेच तर

संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, घासू नका. मऊ फडक्याने टिपून घ्या, थोडा वारा लागू द्या, मग व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावा. रात्री सैल लुंगी नेसा. जमल्यास दोन दिवस चिखलातले काम दुसऱ्याकडे द्या. घासणे थांबले तर आग दोन दिवसांत कमी होते व चार-सहा दिवसांत कातडी धरते. चुना, रॉकेल, स्पिरिट लावू नका. त्याने जखम भाजते.

हे दुखणे दुसरे तर नाही?

आगीपेक्षा खाज जास्त, कडेला उठावदार गोल रेघ, मध्ये कातडी बरी झाल्यासारखी आणि डाग जांघेतून ढुंगणाकडे सरकतोय, तर तो गजकर्ण समजावा. लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या विखुरल्या असतील तर तीही बुरशीच. पिकावरच्या बुरशीप्रमाणे हिलाही वेगळे औषध लागते. दुकानातून “खाजेची ट्यूब” आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात. डॉक्टरांनी दिलेले मलम, डाग गेला तरी, सांगितले तितके दिवस लावा.

पू आला, ताप आला, जांघेत अवधाण आले, किंवा आठवड्यात फरक पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दुखणे पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेहात अशा जागी बुरशी लवकर धरते.